‘मग पुढे?’ : जर्मनमधल्या दोन भूतकाळांविषयी

गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं, की जर्मनच्या वर्गात आम्हाला सांगतात, बोलताना पेर्फेक्ट वापरा, लिहिताना प्रेटेरिटुम वापरा. हा नियम बरोबर आहे का? तेव्हा वेळ संपली होती, म्हणून आम्ही ‘बरोबर आहे, पण खोटा आहे’ एवढंच म्हणून सुटका करून घेतली. लोक हसले. पण ते उत्तर नव्हतं, ती पळवाट होती. आज ते उत्तर देऊ. फळ्यावरची जर्मन वाक्यं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

ज्यांचा जर्मनशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन रूपं समजून घेऊ. ‘मी गेलो’ हे जर्मनमध्ये दोन प्रकारे म्हणता येतं. एक, ‘इश गिंग’. क्रियापद एकटंच, आतून बदललेलं. हा प्रेटेरिटुम, म्हणजे साधा भूतकाळ. दुसरं, ‘इश बिन गेगांगेन’. यात ‘असणे’ किंवा ‘जवळ असणे’ या अर्थाचं सहायक क्रियापद वर्तमानकाळात येतं आणि मुख्य क्रियापदाचं धातुसाधित वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. हा पेर्फेक्ट. सहायक क्रियापद वर्तमानकाळात असतं, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिच्याकडे परत यायचं आहे.

आता आमची फजिती. आम्ही जर्मन शिकलो ते कांट वाचायला. म्हणजे पुस्तकांतून शिकलो, शब्दकोश मांडीवर घेऊन. माणसाशी बोलायची वेळ आली ती १९७० च्या दशकाच्या शेवटी, फ्रायबुर्गला गेल्यावर. फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातलं गाव, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार लांब नाही. आम्ही एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होतो. एका सकाळी जिना उतरताना पाहिलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ पायऱ्यांवर पडलेले. शुद्धीवर होते, पण उठता येत नव्हतं. आम्ही धावत खाली स्वयंपाकघरात गेलो आणि बाईंना सांगितलं, ‘डेर आल्टे हेर फील आउफ डेर ट्रेप्पे.’ म्हातारे गृहस्थ जिन्यात पडले.

बाईंच्या हातात चमचा होता. तो तसाच धरून त्या आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘उंट डान?’ मग पुढे?

आम्हाला कळेना, पुढे काय? पुढे म्हणजे चला, माणूस पडलाय! शेवटी आम्ही जिन्याकडे हात केला. तेव्हा त्या ओरडल्या, ‘आख, एर इस्ट गेफालेन!’ आणि धावल्या. म्हातारबुवांना फार लागलं नव्हतं, हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उरलेलं व्याख्यान त्यांच्या काळजीत ऐकाल. पण तो अर्धा मिनिट आम्ही विसरलो नाही. आमच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. लिंग बरोबर, विभक्ती बरोबर, क्रियापद बरोबर. तरी ते वाक्य पोचलं ते बातमी म्हणून नाही, गोष्ट म्हणून. ‘एक म्हातारा होता, तो जिन्यात पडला...’ आणि गोष्ट म्हटली की ऐकणारा काय करतो? पुढच्या वाक्याची वाट बघतो.

बरं, आम्हाला ही चूक का दिसली नाही? त्याला कारण आपली मराठी. मराठीत धावत येऊन ‘आजोबा पडले!’ म्हटलं तर कोणी ‘मग पुढे’ विचारत नाही. आपला साधा भूतकाळ आत्ता, याच क्षणी घडलेलं सांगायला अगदी चालतो. फलाटावर उभे असताना आपण म्हणतो, ‘गाडी आली!’ इतकंच काय, हाक मारली तर जागेवरून न उठता ‘आलो, आलो’ म्हणतो. म्हणजे जे अजून घडलंही नाही त्यालाही भूतकाळ लावतो. जर्मन माणूस फलाटावर गाडीकडे बोट दाखवून ‘डेर त्सूग काम’ म्हणणार नाही. तो वर्तमानकाळ वापरेल, नाहीतर पेर्फेक्ट. ‘काम’ म्हटलं की गाडी त्या क्षणातून निघून कुठल्यातरी सांगितल्या जाणाऱ्या काळात जाते.

इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याची चूक नेमकी उलटी असते, आणि आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी इंग्रजीतूनच शिकतात. इंग्रजीत ‘काल’ हा शब्द आला की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही, हे शाळेत डोक्यात ठोकून बसवलेलं असतं. म्हणून विद्यार्थी ‘गेस्टर्न’ लिहिलं की पुढे घाईने प्रेटेरिटुम लिहितो. जर्मनला याचं काही नाही. ‘इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन’, मी त्याला काल पाहिलं, हे शुद्ध, नेहमीचं, घरोघरचं वाक्य आहे. इंग्रजीतला भेद हा बराचसा काळाच्या मोजणीचा आहे. जर्मनमधला तसा नाही. मग कशाचा आहे?

इथे ‘बोलणं आणि लिहिणं’ हा नियम पुढे येतो. तो टाकाऊ नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आम्हीसुद्धा तोच सांगू. पण तो दोन बाजूंनी फाटतो. पहिली बाजू अशी, की बोलतानाही काही क्रियापदं सर्रास प्रेटेरिटुममध्येच येतात. ‘मी घरी होतो’ याला ‘इश वार त्सू हाउझे’ असंच म्हणतात. ‘बिन गेवेझेन’ म्हणणारेही आहेत, विशेषतः दक्षिणेत, पण ‘वार’ कुठेही पुस्तकी वाटत नाही. ‘जायला हवं’, ‘करता येतं’, ‘हवं आहे’ अशी जी क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला टेकून चालतात, त्यांचंही तसंच. ‘मला जावं लागलं’ हे ‘इश मुस्टे गेहेन’ या तीन शब्दांत संपतं. पेर्फेक्टमध्ये तेच म्हणायचं तर ‘इश हाबे गेहेन म्युस्सेन’, म्हणजे शेवटी दोन मूळ रूपं एकमेकांच्या पाठीवर. चूक नाही, पण जिभेला छोटी वाट माहीत असताना ती लांबच्या वाटेने का जाईल? आणि उलट, काही प्रेटेरिटुम रूपं इतकी अवघड, की ती कोणी उच्चारतच नाही. समोरच्याला ‘तू काम केलंस का’ विचारायचं आणि ‘आर्बाइटेटेस्ट डू’ म्हणायचं? बोलणारा अडखळेल आणि ऐकणारा हसेल. ‘तू’ला उद्देशून प्रेटेरिटुम एकूणच कमी भेटतो, आणि यामागे केवळ उच्चाराची अडचण नाही. ज्याच्याशी आपण समोरासमोर बोलतो आहोत, त्यालाच त्याची गोष्ट सांगण्याचा प्रसंग कितीदा येतो?

दुसरी बाजू प्रदेशाची. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या पट्ट्यातल्या बोलींमधून प्रेटेरिटुम काही शतकांपूर्वीच गळून गेला. स्विस बोलींत तर ‘वार’सुद्धा उरलेला नाही, तिथे ‘मी होतो’ला ‘इ बि ग्सी’ म्हणतात. तो का गेला यावर वाद आहे. एक जुनं स्पष्टीकरण असं, की दक्षिणेत शब्दाच्या शेवटचा ‘ए’ उच्चारातून गेला, त्यामुळे ‘झाग्ट’ म्हणजे ‘म्हणतो’ आणि ‘झाग्टे’ म्हणजे ‘म्हणाला’ यांत फरकच ऐकू येईना, म्हणून लोक पेर्फेक्टकडे वळले. ऐकायला छान आहे. पण मग ‘गिंग’ का गेला? ‘गेट’ आणि ‘गिंग’ यांत तर कसलाही घोटाळा नव्हता. म्हणजे कारण आणखी खोल असलं पाहिजे. पेर्फेक्ट स्वतःच हळूहळू पसरत गेला, आधी ‘झालेलं आहे’ एवढंच सांगायचा, मग ‘झालं’ हेही सांगू लागला, आणि शेवटच्या ‘ए’च्या गळण्याने त्याला फार तर हात दिला, असं मानणं आम्हाला जास्त पटतं.

आता आमच्या फ्रायबुर्गच्या बाई या पट्ट्यातल्या. त्यांच्या घरच्या बोलीत ‘फील’ हे रूप नव्हतंच. त्यांनी ते ऐकलं होतं कुठे? चर्चमध्ये, शाळेच्या पुस्तकात, लहानपणी वाचून दाखवलेल्या परीकथांत, जिथे प्रत्येक गोष्ट ‘एस वार आइनमाल’, एके काळी होता, अशी सुरू होते. त्यामुळे आम्ही ‘फील’ म्हटल्यावर त्यांच्या कानांनी आपोआप परीकथेचं पान उघडलं. हांबुर्गकडच्या एखाद्या बाईंसमोर हीच फजिती थोडी सौम्य झाली असती. उत्तरेत ‘गिंग’, ‘काम’, ‘झाग्टे’ बोलण्यात बरेच येतात. पण जिन्यात माणूस पडला असताना ‘इस्ट गेफालेन’ हेच तिथेही म्हटलं असतं.

हा भेद नेमक्या शब्दांत पकडला तो हाराल्ड वाइनरिश यांनी, १९६४ साली आलेल्या ‘टेम्पुस’ या पुस्तकात. ते म्हणतात ते थोडक्यात असं : क्रियापदाचे काळ हे मुळात घड्याळाविषयी बोलत नाहीत, ते ऐकणाऱ्याने कसं ऐकावं हे सांगतात. काही काळ ‘चर्चेतल्या जगा’चे, म्हणजे हे तुझ्यामाझ्याशी संबंधित आहे, सावध होऊन ऐक. काही काळ ‘कथनातल्या जगा’चे, म्हणजे आता आरामात बस, हे सांगितलं जातंय, तुला लगेच काही करायचं नाही. जर्मनमध्ये वर्तमानकाळ आणि पेर्फेक्ट पहिल्या गटात, प्रेटेरिटुम दुसऱ्या. म्हणून म्हटलं होतं, पेर्फेक्टमधलं सहायक क्रियापद वर्तमानकाळात आहे हे ध्यानात ठेवा. घटना मागची, पण तिचं एक टोक आत्ताच्या टेबलावर ठेवलेलं.

आम्ही हे पुस्तक फजितीनंतर काही वर्षांनी वाचलं आणि चमच्यासकट बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. तरी वाइनरिश यांच्याशी आमचं एक भांडण आहे. त्यांचं चित्र दोन रूपं हाताशी असणाऱ्या भाषेचं आहे. आमच्या बाई संध्याकाळी त्यांच्या लहानपणच्या, युद्धाच्या दिवसांच्या गोष्टी सांगत, अगदी रंगून, तासतासभर, आणि सगळ्या पेर्फेक्टमध्ये. ते कथन नव्हतं का? होतंच. पण त्यांच्या तोंडच्या पेर्फेक्टमधून ‘सावध ऐक’ असा अर्थ काढता येत नव्हता, कारण त्यांच्याकडे दुसरं रूपच नव्हतं. अर्थ रूपात नसतो, निवडीत असतो. जिथे दोन दारं आहेत तिथेच, तुम्ही कुठल्या दाराने आलात याला महत्त्व येतं. वाइनरिश जिथे चालतात ते ठिकाण म्हणजे लिखित जर्मन, कारण लिहिताना दक्षिणेतल्या माणसालाही दोन्ही दारं उघडी असतात. म्हणजे गंमत बघा : ‘लिहिताना प्रेटेरिटुम’ हा नियम जिथे लागू व्हायचा, तिथेच खरी निवड सुरू होते.

वर्तमानपत्रात हे रोज दिसतं. आम्ही एक बातमी रचतो. पहिलं वाक्य : ऑफेनबुर्गजवळ मालगाडी रुळावरून घसरली, ‘इस्ट एंटग्लाइस्ट’. पेर्फेक्ट. दुसरं वाक्य : गाडी बाझेलहून येत होती, ‘काम आउस बाझेल’. प्रेटेरिटुम, आणि मग शेवटपर्यंत तोच. पहिल्या वाक्याने बातमी तुमच्यासमोर टाकली. दुसऱ्यापासून हकिगत सुरू झाली. दोन्ही लिखितच आहेत. कुठे वाकायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

आणि आता ज्यासाठी आज उभे राहिलो ते. ग्योटेची ‘वेर्टर’, १७७४. कादंबरी पत्रांची आहे, पण शेवटची पानं एक संपादक सांगतो, कारण पत्र लिहिणारा आता लिहू शकत नाही. संपादकाचं निवेदन प्रेटेरिटुममध्ये चालतं. वेर्टर दुपारी बाराला मरतो. रात्री अकराच्या सुमारास त्याला पुरतात. लॉट्टेचे वडील आणि मुलगे प्रेतामागून जातात. आल्बर्टला ते जमत नाही. लॉट्टेच्या जिवाची भीती वाटते. कारागीर त्याला वाहून नेतात. छोटी छोटी वाक्यं, सगळी त्याच काळात. आणि अगदी शेवटचं वाक्य, एकही धर्मगुरू सोबत नव्हता हे सांगणारं, अचानक पेर्फेक्टमध्ये. कादंबरी तिथे संपते.

काय होतं इथे? आतापर्यंत आपण गोष्ट ऐकत होतो. शेवटच्या वाक्यात संपादक गोष्टीतून बाहेर येतो आणि आपल्याकडे वळून बोलतो. आत्महत्या करणाऱ्याला चर्चने मूठमाती नाकारली, ही आता कथेतली एक घटना राहत नाही. ती तुमच्यासमोर ठेवलेली वस्तुस्थिती होते, जिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. वाचक ‘मग पुढे?’ असं विचारूच शकत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतात, आणि तो ऐकण्यासारखा आहे. वेर्टरच्या मृत्यूमागे एक खरा मृत्यू आहे. कार्ल विल्हेल्म येरुझालेम या तरुणाने १७७२ च्या ऑक्टोबरअखेर वेत्सलारमध्ये स्वतःवर गोळी झाडली. त्याची सविस्तर हकिगत केस्टनर यांनी पत्राने ग्योटेला कळवली. ज्या पिस्तुलांनी हे घडलं ती येरुझालेमने केस्टनर यांच्याकडूनच मागून नेली होती. त्या पत्रात धर्मगुरूविषयीचं हे वाक्य जवळपास याच शब्दांत आणि पेर्फेक्टमध्येच आहे. मग आक्षेपक म्हणतात, कसली कला नि कसलं काय, ग्योटेने पत्रातलं वाक्य उचललं आणि काळ बदलायचा राहून गेला.

पण पत्रात थोडं मागे बघा. प्रेत कोणी वाहून नेलं तेही तिथे सांगितलंय, न्हाव्याच्या दुकानातल्या कामगारांनी, आणि तेही वाक्य पेर्फेक्टमध्ये आहे. ग्योटेने ते घेतलं, न्हाव्यांच्या जागी कारागीर आणले, आणि काळ बदलून प्रेटेरिटुम केला. दोन वाक्यं समोर होती, दोन्ही एकाच काळातली. एकाचा काळ त्याने बदलला, दुसऱ्याचा ठेवला. विसरणारा माणूस एकाच जागी असा नेमका विसरत नाही. केस्टनर यांनी पेर्फेक्ट वापरला तो मित्राला ताजी बातमी कळवणाऱ्या माणसाचा, साधा. ग्योटेने त्यातला एक काढून घेतल्यामुळे उरलेला एकटा पडला, आणि एकटा पडल्यामुळेच तो बोलू लागला.

एवढ्यावरून विद्यार्थ्यांनी काय घ्यावं? आम्ही आमच्या बाईंचाच प्रश्न कसोटी म्हणून वापरतो. वाक्य लिहून झालं की त्याच्यापुढे मनात ‘मग पुढे?’ ठेवून बघावं. ते शोभलं तर प्रेटेरिटुम. त्याऐवजी ‘मग आता?’ शोभत असेल, तर पेर्फेक्ट. खिडकी उघडली, बाहेर सगळं पांढरं : ‘एस हाट गेश्नाइट’. मग आता? बूट काढा, फावडं काढा. इथे ‘एस श्नाइटे’ म्हणालात तर तुम्ही खिडकीशी उभे नाही, कुठल्यातरी कादंबरीच्या पहिल्या पानावर आहात. आपल्याकडे ‘पाऊस पडलाय’ आणि ‘पाऊस पडला’ यांत असाच काहीसा फरक ऐकू येतो. ‘होतो’, ‘जावं लागलं’ यांसारखी क्रियापदं या कसोटीतून वगळा. ती बिनदिक्कत साध्या भूतकाळात वापरा. आणि दक्षिणेत कोणी तासभर पेर्फेक्टमध्ये गोष्ट सांगत असेल तर ही कसोटी खिशात ठेवून गोष्ट ऐका.

एक अडचण मात्र आमची सुटलेली नाही. वेर्टरचं ते शेवटचं वाक्य मराठीत कसं आणायचं? ‘धर्मगुरू गेला नाही’ म्हटलं तर ते आधीच्या वाक्यांच्या रांगेत मुकाट उभं राहतं, वळण गेलं. ‘धर्मगुरू गेलेला नाही’ म्हटलं तर आपल्या कानाला वाटतं, अजून गेलेला नाही, कदाचित जाईल. नकार आला की मराठीचा पूर्ण वर्तमानकाळ वाट बघू लागतो, आणि इथे तर वाट बघण्यासारखं काहीच उरलेलं नाही. ‘नव्हता’ने वजन येतं, पण तोंड वाचकाकडे वळत नाही. आम्ही वहीत आजवर सात-आठ पाठ लिहून खोडले आहेत. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर कळवा. आता प्रश्न घेऊ.